अंगभर गजकर्ण: गोळ्या सुरू करताना आणि थांबवताना

गजकर्ण, नायटा, दाद अशी या आजाराची घरोघरची नावे आहेत. दवाखान्यात त्याला फंगल इन्फेक्शन म्हणतात. पूर्वी मांडीवर किंवा कमरेवर रुपयाएवढा चट्टा उठायचा, आठ-दहा दिवस मलम लावले की बसायचा. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र तो कमरेवरून पोटावर, पाठीवर, छातीखाली आणि चेहऱ्यावरही पसरू लागला आहे. एकाला झाला की घरातल्या चौघांना होतो. अंधेरी, घाटकोपरच्या दमट हवेत, लोकलच्या गर्दीत आणि दोन खोल्यांच्या घरात, जिथे पावसाळ्यात टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही, तिथे तो हमखास ठाण मांडतो.

चट्टे अंगभर पसरले की नुसत्या मलमाने भागत नाही, पोटात गोळी घ्यावी लागते. बहुतेक घरांत इथेच गोंधळ होतो. गोळी कोणत्या वेळी घ्यायची, रक्त का तपासायचे, रोजच्या इतर गोळ्यांबरोबर ती चालते का आणि खाज थांबल्यावरही ती किती दिवस घ्यायची, या चार प्रश्नांची नीट उत्तरे मिळाली नाहीत की महिन्याभराचा खर्च वाया जातो. या लेखात त्यांचाच विचार करू.

पूर्वीची गोळी आता का चालत नाही

२०२० साली जपानमधील संशोधकांनी भारत आणि नेपाळमधून आलेल्या रुग्णांच्या त्वचेवरची बुरशी तपासली आणि तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव दिले. त्या नावातच आपल्या देशाचे नाव आहे. टर्बिनाफिन हे या आजारावरचे जुने, भरवशाचे औषध. बुरशीला स्वतःचे आवरण बनवण्यासाठी जे एन्झाइम लागते, ते टर्बिनाफिन बंद पाडते. या नव्या बुरशीच्या अनेक वाणांत त्या एन्झाइमच्या जनुकातच बदल झाला आहे, त्यामुळे औषधाला तिथे पकड मिळत नाही. हाच प्रकार पुढे अमेरिकेपर्यंत पोहोचला आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याचे पहिले रुग्ण नोंदवले गेले.

वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातील डॉक्टरांनी चार गोळ्यांची तुलना करून २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार आठवड्यांनी चारही औषधांची अवस्था सारखीच होती. शंभरात आठ रुग्णही पूर्ण बरे झाले नव्हते, किंवा जेमतेम तेवढे झाले होते. आठ आठवड्यांनी मात्र फरक दिसला. इट्राकोनाझोल घेणाऱ्यांपैकी शंभरात ६६, फ्लुकोनाझोलचे ४२, टर्बिनाफिनचे २८ आणि ग्रिसिओफल्विनचे १४ रुग्ण बरे झाले. यावरून दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. एक म्हणजे आज बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ इट्राकोनाझोल का लिहून देतात. दुसरी म्हणजे चांगल्यातले चांगले औषधही चार आठवड्यांत निकाल देत नाही, आणि आठ आठवड्यांनीही सर्वांना बरे करत नाही.

आजार इतका चिवट होण्यामागे आणखी एक कारण सांगितले जाते, ते म्हणजे स्टिरॉइड मिसळलेली मलमे. औषधाच्या दुकानात ‘खाज आहे’ म्हटले की जी ट्यूब हातात येते, तिच्यात बहुधा बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि क्लोबेटासोल किंवा बिटामेथासोन अशी तीन औषधे एकत्र असतात. यातले स्टिरॉइड दोन दिवसांत खाज आणि लाली दाबते. पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दबल्यामुळे बुरशी आत निवांत पसरते. चट्ट्याची गोल कडा पुसट होते, एका कड्यात दुसरे कडे दिसू लागते आणि डॉक्टरांनाही ओळखणे कठीण जाते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणले, तरीही ती सहज मिळतात. डॉक्टरांकडे जाताना आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्याव्यात. त्या पाहून डॉक्टरांना बरेच काही कळते.

एका घराचे उदाहरण

पुढचे सगळे समजायला एक घर डोळ्यांसमोर आणू. हे घर काल्पनिक आहे, पण असे घर आपल्या ओळखीत नक्की सापडेल.

साकीनाक्याच्या शिवणकामाच्या कारखान्यात काम करणारे ४६ वर्षांचे गृहस्थ. घरात पत्नी, कॉलेजला जाणारा मुलगा आणि वयस्कर अम्मी. गृहस्थांच्या कमरेपासून मांड्यांपर्यंत आणि पाठीवर चट्टे आहेत. चार महिन्यांत तीन ट्यूब झाल्या. त्यांना मधुमेह आहे, म्हणून मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. ब्लड प्रेशरसाठी अॅम्लोडिपिन आणि कोलेस्टेरॉलसाठी अॅटोर्व्हास्टॅटिन आहे. शिवाय सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी अॅसिडिटीची कॅप्सूल, जिच्यात पॅन्टोप्राझोल आणि डॉमपेरिडोन ही दोन औषधे असतात. ही कॅप्सूल त्यांना कोणी लिहून दिलेली नाही. पूर्वी कधीतरी सुरू झाली आणि सवयीने चालू राहिली.

त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्याची कड खरवडून ती केओएचच्या थेंबाखाली सूक्ष्मदर्शकातून पाहतात. बुरशीचे धागे दिसतात, म्हणजे आजार पक्का. मग इट्राकोनाझोल १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सोबत स्टिरॉइड नसलेले मलम, अशी चिठ्ठी लिहायची वेळ येते. पण चिठ्ठी हातात देण्याआधी दोन कामे होणे आवश्यक आहे.

पहिले काम: यकृताची तपासणी

बुरशीची गोळी शरीरात यकृतावाटे पचते. क्वचित एखाद्या माणसाच्या यकृताला ती सोसत नाही आणि कावीळ होते. हे प्रमाण फार कमी आहे. म्हणून भीतीने गोळी टाळणे चूक आहे, तसेच तपासणी टाळणेही चूक आहे.

सुरुवातीच्या रक्ततपासणीत एसजीपीटी, एसजीओटी आणि बिलिरुबिन हे आकडे पाहतात. या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही. तिचा खरा उपयोग आधीपासूनचा यकृताचा आजार शोधण्यासाठी होतो. मधुमेह आणि पोटाचा घेर असलेल्यांना फॅटी लिव्हर असू शकते, एखाद्याला न कळत हिपॅटायटिस बी असू शकतो. आधीच आजारी असलेल्या यकृतावर टर्बिनाफिन देत नाहीत. इट्राकोनाझोलही अगदी गरज असेल तरच आणि लक्ष ठेवून देतात.

मात्र पहिला रिपोर्ट चांगला आला म्हणजे पुढे काही होणारच नाही, असे समजू नये. औषध कोणाला सोसणार नाही, हे आधी सांगणारी कोणतीही तपासणी नाही. टर्बिनाफिनचा त्रास बहुधा पहिल्या सहा आठवड्यांत दिसतो, इट्राकोनाझोलचा महिन्याभरानंतरही दिसू शकतो. म्हणून उपचार महिन्याच्या पुढे जात असेल, तर चार आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासतात. एसजीपीटीची वरची मर्यादा बहुतेक प्रयोगशाळांत ४० च्या आसपास असते. ४० ऐवजी ५२ आले तर घाबरून गोळी फेकायची नसते. डॉक्टर आकडा पाहून पुन्हा तपासायला सांगतात. आकडा मर्यादेच्या तिपटीवर गेला, किंवा आकडा कमी असूनही त्रास होऊ लागला, तर औषध थांबवावे लागते.

हा त्रास घरच्यांना ओळखता आला पाहिजे. भूक एकदम जाणे, सतत मळमळ, अंगात त्राण नसणे, बरगडीखाली उजवीकडे दुखणे, लघवी चहासारखी गडद होणे, शौचाचा रंग फिका पडणे, डोळे पिवळे दिसणे. यातले काही जाणवले की पुढची गोळी घेऊ नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये.

इथेच काढ्यांचाही प्रश्न येतो. करोनाच्या काळात, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये, मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचे नोंदवले आणि नंतर ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, बुरशीची गोळी चालू असताना काढा, चूर्ण किंवा हकीमसाहेबांचे औषध घेत असाल, तर डॉक्टरांना तसे सांगा. पुढे आकडे वाढले, तर दोष कशाचा हे त्यावाचून कळणार नाही.

दुसरे काम: घरातल्या इतर गोळ्या

आपल्या उदाहरणातील गृहस्थांच्या पिशवीतून एकेक पट्टी बाहेर काढू.

सर्वांत मोठी अडचण दिसायला सर्वांत साधी आहे, ती म्हणजे सकाळची अॅसिडिटीची कॅप्सूल. इट्राकोनाझोलची साधी कॅप्सूल पोटातल्या आम्लातच विरघळते. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही औषधे तेच आम्ल कमी करतात. मग बुरशीची गोळी नीट न विरघळता पुढे जाते आणि रक्तात फार थोडी उतरते. रुग्ण रोज न चुकता गोळी घेतो, पैसे मोजतो, तरी चट्टा हलत नाही. लोक म्हणतात, ‘औषधच लागू पडत नाही.’ प्रत्यक्षात औषध त्वचेपर्यंत पोहोचलेलेच नसते. त्याच कॅप्सूलमधले डॉमपेरिडोन आणखी घातक ठरू शकते. इट्राकोनाझोल त्याला शरीराबाहेर जाऊ देत नाही, त्याचे रक्तातले प्रमाण वाढते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हे दोन्ही एकत्र घ्यायचेच नसतात. या गृहस्थांना ही कॅप्सूल बंद करता येईल का, हे डॉक्टरांना विचारले पाहिजे. कधीमधी जळजळ झाली तर साधे अँटासिड चालते, पण ते इट्राकोनाझोलच्या किमान एक तास आधी किंवा दोन तासांनंतर घ्यावे. अॅसिडिटीचे औषध बंद करणे शक्यच नसेल, तर डॉक्टर बुरशीचे दुसरे औषध निवडू शकतात.

पुढची पट्टी अॅटोर्व्हास्टॅटिनची. यकृतातील ज्या एन्झाइमने हे औषध मोडते, त्यालाच इट्राकोनाझोल रोखते. त्यामुळे अॅटोर्व्हास्टॅटिन साठत जाते आणि स्नायूंना इजा होऊ शकते. अंग ठेचल्यासारखे दुखणे, अशक्तपणा आणि गडद लघवी ही त्याची खूण. सिम्व्हास्टॅटिन तर इट्राकोनाझोलबरोबर घ्यायचेच नसते. डॉक्टर मात्रा कमी करतात, काही आठवडे गोळी थांबवतात किंवा बदलून देतात. ज्यांना पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला आहे, त्यांनी ही गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये.

अॅम्लोडिपिनचे प्रमाणही असेच वाढते. पाय सुजतात, ब्लड प्रेशर उतरून चक्कर येते. शिवाय इट्राकोनाझोल स्वतःही हृदयाच्या आकुंचनाचा जोर थोडा कमी करते. म्हणून ज्यांचे हृदय कमजोर आहे, हार्ट फेल्युअर सांगितलेले आहे, त्यांना गजकर्णासाठी हे औषध देत नाहीत. पाय सुजले, चार पायऱ्या चढून दम लागला किंवा उताणे झोपल्यावर श्वास अडकला, तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

मेटफॉर्मिनला काही अडचण नाही. ग्लिमेपिराइडच्या बाबतीत मात्र फ्लुकोनाझोल सांभाळावे लागते. ‘आठवड्याला एक गोळी’ म्हणून दुकानातून घेतलेले फ्लुकोनाझोल ग्लिमेपिराइडचा परिणाम वाढवते आणि साखर अचानक उतरू शकते. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती साखर उतरल्याची खूण असू शकते. फ्लुकोनाझोल रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचाही जोर वाढवते.

या घरात नसलेल्या, पण आपल्या वस्त्यांत हमखास असणाऱ्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. क्षयाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन इट्राकोनाझोलला रक्तात टिकूच देत नाही. त्यात क्षयाची काही औषधे स्वतःच यकृतावर भार टाकतात. म्हणून टीबीचा कोर्स चालू असेल, तर बुरशीच्या गोळीचा निर्णय दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यावा. दुसरी गोष्ट दम्याच्या पंपाची. बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा पंप आणि इट्राकोनाझोल महिनाभर एकत्र चालले, तर पंपातले स्टिरॉइड अंगात साठून चेहरा सुजू शकतो आणि साखर वाढू शकते. पंप आपल्या मनाने बंद करायचा नाही, डॉक्टरांना दाखवायचा.

गरोदर बाईला गजकर्णासाठी या गोळ्या देत नाहीत, स्तनपान करणाऱ्या आईनेही विचारूनच घ्याव्यात. इट्राकोनाझोल शरीरातून सावकाश जाते. म्हणून ते घेत असताना आणि नंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस गर्भ राहू देऊ नये. डॉक्टरांसमोर हा विषय काढायला संकोच वाटतो, पण तो काढलाच पाहिजे.

गोळी कशी घ्यायची

इट्राकोनाझोलची साधी कॅप्सूल पूर्ण जेवणानंतर लगेच घ्यायची. चहा-बिस्किट म्हणजे जेवण नव्हे. कॅप्सूल उघडून आतले दाणे खायचे नाहीत. रमजानमध्ये दिवसातून दोन वेळा सांगितलेली गोळी इफ्तारनंतरच्या जेवणावर आणि सहरीच्या जेवणावर बसवता येते. नुसत्या खजूर-पाण्यावर ती घेऊ नये. तरी वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावे, विशेषतः मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर.

बाजारात याच औषधाचा जास्त शोषला जाणारा नवा प्रकारही मिळतो. त्यावर मिलिग्रॅमचा आकडा कमी असतो, पण परिणाम कमी नसतो. म्हणून दुकानदाराने ‘हे घ्या, तेच आहे’ म्हणून पट्टी बदलून दिली, तर घेऊ नये. नुसते मिलिग्रॅम जुळवून ही अदलाबदल करता येत नाही.

कधी थांबायचे

आता आपल्या घराकडे परत येऊ. अॅसिडिटीची कॅप्सूल बंद झाली, कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांनी काही काळ थांबवली, यकृताचे आकडे ठीक आले आणि उपचार सुरू झाला. दहाव्या-बाराव्या दिवशी खाज निम्म्यावर येते. तिसऱ्या आठवड्यात झोप लागू लागते. अनेक घरांत उपचार इथेच संपतो. महिना अखेर असते, गोळ्या महाग असतात, खाज नसते. पण बोट फिरवले तर चट्ट्याची कड अजून खरखरीत लागते. बुरशी तिथे जिवंत असते. इथे थांबले तर महिन्याभरात सगळे पुन्हा सुरू होते.

थांबण्याची खूण खाज नव्हे, त्वचा आहे. कड सपाट झाली पाहिजे, कोंडा सुटणे पूर्ण थांबले पाहिजे, नवा चट्टा उठता कामा नये. उरलेला तपकिरी-काळा डाग मात्र आजार नसतो. तो जायला काही महिने लागतात आणि त्यासाठी गोळी चालू ठेवायची नसते. शंका असेल तर खरवडून केओएच तपासणी पुन्हा करता येते. आजच्या बुरशीला इथपर्यंत यायला बहुधा सहा ते आठ आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त. या गृहस्थांचे चौथ्या आठवड्यात रक्त पुन्हा तपासले, सातव्या आठवड्यात त्वचा साफ झाली आणि गोळी डॉक्टरांनी थांबवली. मलम त्यानंतरही किमान दोन आठवडे चालू ठेवायचे असते. ते चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे जागेपर्यंत लावायचे, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते.

चार आठवडे नेमाने औषध घेऊनही काहीच फरक नसेल, तर मात्रा आपल्या मनाने दुप्पट करू नये. आधी तीन गोष्टी पाहाव्यात. गोळी जेवणावर घेतली जाते का, अॅसिडिटीचे औषध कुठून तरी चालू आहे का, आणि घरात दुसऱ्या कोणाला चट्टे आहेत का. या घरात मुलाच्या जांघेत चट्टा होता, लाजेने तो बोलला नव्हता. अब्बा बरे झाले असते आणि पंधरा दिवसांत मुलाकडून पुन्हा घेतले असते. म्हणून सर्वांची तपासणी आणि उपचार एकाच वेळी करावेत. टॉवेल, कपडे आणि अंतर्वस्त्रे वेगळी ठेवावीत, गरम पाण्यात धुऊन उलटी करून उन्हात वाळवावीत, पाऊस असेल तर इस्त्री फिरवावी. वुजूनंतर पायाची बोटे आपल्या वेगळ्या कापडाने कोरडी करावीत.

त्वचारोगाचा विभाग पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत असतो, जुहूच्या कूपरमध्येही आहे. तिथे जाताना घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, ट्यूब, पंप आणि काढ्याची बाटली एका पिशवीत घ्या. नव्या गोळीचे नाव वाचल्यावर एकच प्रश्न विचारा, ‘यातले काय काय हिच्याबरोबर चालणार नाही?’ आणि गोळी थांबवण्याची तारीख स्वतः न ठरवता त्वचा दाखवूनच ठरवा.